परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी स्वतःचा अल्पपरिचय कसा लिहावा?



चर्चासत्रात किंवा शिक्षण परिषदेत तुमचा निबंध स्वीकारला जातो. आनंद होतो. मग दोन दिवसांनी आयोजकांचा निरोप येतो, "कार्यक्रमपत्रिकेसाठी आपला अल्पपरिचय 80 शब्दांत, तृतीय पुरुषात लिहून पाठवा." पंधरा पानांचा निबंध लिहिणारी माणसं या 80 शब्दांपाशी अडतात. स्वतःबद्दल चांगलं लिहावं तर आपणच आपला ढोल वाजवतोय असं वाटतं. काहीच न लिहावं तर ऐकणाऱ्याला कळत नाही की या माणसाचं आपण का ऐकायचं.

आजच्या पाठात आपण हेच शिकणार आहोत. त्यासाठी एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

हा परिचय कोण वाचतं?

आधी हे नीट समजून घेऊ, कारण काय लिहायचं ते यावरूनच ठरतं. अल्पपरिचयाचे वाचक तीन.

पहिला वाचक म्हणजे परिषदेला आलेला प्रतिनिधी. एकाच वेळी तीन-चार दालनांत सत्रं चालू असतात. तो पत्रिका उघडतो, निबंधाचं शीर्षक वाचतो, खालचा परिचय वाचतो आणि कुठे जाऊन बसायचं ते ठरवतो. दुसरा वाचक म्हणजे सूत्रसंचालक. तो हा मजकूर माइकवर मोठ्याने वाचणार असतो, तेही बहुतेक वेळा पहिल्यांदाच. तिसरा वाचक नंतर येतो. परिषदेची स्मरणिका ग्रंथालयात राहते, चार वर्षांनी कुणीतरी ती चाळतं आणि तुमच्या विषयावर काम करणारं माणूस शोधतं.

या तिघांनाही एकच प्रश्न पडलेला असतो : या विषयावर बोलायला या व्यक्तीजवळ काय आहे? तुम्ही किती मोठे आहात हा प्रश्न कुणीच विचारत नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की विनय आणि विश्वासार्हता यांचं भांडण बरंचसं मिटतं.

आपलं उदाहरण

समजा, एक शिक्षिका आहेत. त्यांना आपण श्रीमती अ. ब. क. म्हणू. उदाहरण कल्पित आहे, पण अशा शिक्षिका तुमच्या ओळखीत नक्की असतील. त्या मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतात. वर्गातली बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला पाठ्यपुस्तकातलं मराठी जवळजवळ परकंच असतं. यावर बाईंनी काही वर्षं काम केलं आहे आणि त्यावरच त्यांचा निबंध आहे : 'पहिलीच्या वर्गात कोरकू शब्दांकडून मराठीकडे'.

त्यांनी आधी जो परिचय लिहिला, तो असा :

> उपक्रमशील, विद्यार्थीप्रिय व तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून सर्वदूर ख्याती असलेल्या सौ. अ. ब. क. (एम.ए., डी.एड., बी.एड., डी.एस.एम.) यांनी शैक्षणिक क्षेत्रात भरीव योगदान दिले आहे. त्यांना विविध संस्थांचे अनेक पुरस्कार प्राप्त असून अनेक राज्यस्तरीय व राष्ट्रीय चर्चासत्रांत त्यांनी सहभाग नोंदवला आहे. त्या हाडाच्या शिक्षिका, उत्तम वक्त्या, कवयित्री व समाजसेविका आहेत.

वाचून त्यांनाच संकोच वाटला. म्हणून त्यांनी दुसरा लिहिला :

> अ. ब. क. या मेळघाटातील एका छोट्याशा शाळेत शिक्षिका आहेत. मुलांसाठी जमेल तसे थोडेफार उपक्रम करतात. शब्दसंग्रहाच्या कामात त्यांचा खारीचा वाटा आहे. या परिषदेत बोलण्याची संधी मिळाली हे त्या आपले भाग्य समजतात.

पहिला परिचय फुगलेला आहे, दुसरा आक्रसलेला. वरवर पाहता दोन्ही एकमेकांच्या उलट दिसतात. पण जरा बारकाईने बघा, दोघांचा दोष एकच आहे. दोन्हींत माहिती नाही. पहिल्यात "अनेक" हा शब्द दोनदा आला आणि "विविध" एकदा, पण एकही पुरस्कार, एकही चर्चासत्र नावाने आलं नाही. दुसऱ्यात "थोडेफार" आणि "खारीचा वाटा" आहे, पण तो वाटा नेमका कोणता ते कळत नाही. ज्या कोरकू भाषेसाठी बाईंनी एवढे कष्ट घेतले, तिचं नाव दोन्ही परिचयांत नाही!

म्हणजे विनय आणि विश्वासार्हता यांचा समतोल साधायचा तर थोडी स्तुती आणि थोडा संकोच मिसळून भागत नाही. दोन्ही काढायचे आणि त्या जागी वस्तुस्थिती ठेवायची.

पायरी 1 : विशेषणांची परीक्षा

प्रत्येक वाक्यावर एक साधी परीक्षा करा. वाक्यातलं तुमचं नाव झाकून शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचं नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटतं का? वाटत असेल तर ते वाक्य तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. ते काढा.

"उपक्रमशील", "विद्यार्थीप्रिय", "हाडाच्या शिक्षिका" ही सगळी विशेषणं या परीक्षेत गळतात. शिवाय तृतीय पुरुषातल्या परिचयात आणखी एक अडचण आहे. मजकूर दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखा दिसतो, पण तो वक्त्यानेच लिहून पाठवलेला असतो हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून "सर्वदूर ख्याती" हे शब्द माइकवर आले की मागच्या रांगेत हलकं हसू उमटतं. विशेषण दुसऱ्यांनी द्यावं, आपण तपशील द्यावा. एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

विनयाच्या शब्दांनाही हीच परीक्षा लावा. "छोट्याशी शाळा", "जमेल तसे", "खारीचा वाटा" हे कुणालाही लागू पडतं. तेही काढा. विनय दाखवायची जागा वेगळी आहे, ती पुढे येईल.

पायरी 2 : कोणता? किती? कधी? कुणासोबत?

आता कोरा कागद घ्या आणि निबंधाच्या विषयाशी संबंधित प्रत्येक कामापुढे हे चार प्रश्न विचारा. श्रीमती क. यांच्या कागदावर असं उतरलं :

- नोकरी 2010 पासून. धारणी तालुक्यातल्या शाळेत 2016 पासून. पहिली-दुसरीचे वर्ग.
- कोरकू-मराठी शब्दसंग्रह, 640 शब्द. शब्द सांगितले गावातल्या आयांनी आणि आज्यांनी. लिहून घ्यायला दोन सहकारी शिक्षक. संपादन स्वतः. 2021 पासून तालुक्यातल्या 12 शाळांत वापर.
- या कामावर दोन लेख, 'जीवन शिक्षण' मासिकात.
- आदिवासी मुलांच्या भाषाशिक्षणावर पीएच.डी.साठी नोंदणी, 2023.
- तालुकास्तरीय पुरस्कार. एक कवितासंग्रह. रक्तदान शिबिरांचं आयोजन.

शेवटची ओळ बघा. ती खोटी नाही, पण या निबंधाशी तिचा संबंध नाही. उद्या याच बाई साहित्य संमेलनात कविता वाचणार असतील तर कवितासंग्रह पहिल्या वाक्यात येईल आणि शब्दसंग्रह कदाचित शेवटी जाईल. परिचय माणसाचा असला तरी निवड विषयानुसार होते. म्हणून एकच परिचय वर्षानुवर्षं सगळीकडे पाठवू नका. पुरस्कार ठेवायचाच असेल तर पुरस्काराचं नाव, देणारी संस्था आणि वर्ष, तिन्ही लिहा. ही तीन सांगता येत नसतील तर तो वगळलेला बरा.

पदव्यांचंही तसंच. एम.ए., डी.एड., बी.एड., डी.एस.एम. अशी माळ सूत्रसंचालकाला वाचताना अडखळायला लावते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. विषयाशी जोडलेली एखादी पदवी पुरे.

पायरी 3 : जेवढं आहे तेवढंच

विश्वासार्हता जाते ती बहुतेक वेळा एका शब्दाने. काही जागा नेहमी तपासा.

पीएच.डी.साठी नोंदणी झाली आहे, प्रबंध सादर केला आहे आणि पदवी मिळाली आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "पीएच.डी. (चालू)" असं नावापुढे लावण्यापेक्षा "पीएच.डी.साठी संशोधन करत आहेत" असं सरळ वाक्य लिहा. बालभारतीच्या एखाद्या कार्यशाळेला हजर राहणं आणि तिथल्या अभ्यासगटाचं सदस्य असणं यात फरक आहे. चर्चासत्रात "सहभाग" म्हणजे श्रोता म्हणून बसणं की निबंध वाचणं, तेही स्पष्ट हवं. प्रशिक्षणात तुम्ही सुलभक होता की प्रशिक्षणार्थी, ते लिहा.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सामूहिक काम. "त्यांनी शब्दसंग्रह तयार केला" असं लिहिलं तर ज्या आज्यांनी ओसरीवर बसून शब्द सांगितले त्या गायब होतात. दोन सहकारीही गायब होतात. उद्या त्यांच्यापैकी कुणी सभागृहात बसलेलं असेल तर? उलट "त्यांचा खारीचा वाटा आहे" असं लिहिलं तर संपादनाचं मुख्य काम बाईंचं होतं हे लपतं. दोन्ही बाजूंनी न्याय करणारं वाक्य असं : "गावातील आई-आज्या आणि दोन सहकारी शिक्षक यांच्यासोबत त्यांनी 640 शब्दांचा शब्दसंग्रह तयार केला, त्याचे संपादन त्यांनी केले." विनयाची खरी जागा ही आहे. स्वतःला लहान म्हणण्याने विनय दिसत नाही. दुसऱ्याचं श्रेय त्याला दिलं की तो आपोआप दिसतो. आणि गंमत म्हणजे त्यानेच विश्वासही वाढतो, कारण भाषेचं काम त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना सोबत घेऊन झालं हे जाणकाराला लगेच कळतं.

आणखी एक. "यामुळे मुलांची गुणवत्ता प्रचंड वाढली" असं वाक्य परिचयात नको. तो निष्कर्ष आहे. तो निबंधात पुराव्यासह मांडायचा असतो, आणि त्यावर श्रोत्यांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. परिचयात फक्त काय केलं ते यावं.

पायरी 4 : तृतीय पुरुष आणि मराठी व्याकरण

आता भाषेकडे वळू. मराठीत तृतीय पुरुषात स्वतःबद्दल लिहिताना एक खास अडचण येते, ती आदरार्थी बहुवचनाची. "ती शिकवते" लिहिलं तर पत्रिकेत ते उणं दिसतं. "त्या शिकवतात" लिहिलं तर स्वतःच स्वतःला अहोजाहो केल्यासारखं वाटतं. इथे संकोच करू नका. पत्रिकेत सगळ्या वक्त्यांचे परिचय आदरार्थी असतात. तुमचा एकट्याचा एकेरी आला तर तो विनय न वाटता मुद्रणदोष वाटेल. हा आदर पत्रिकेच्या भाषेचा आहे, तो तुम्ही स्वतःला दिलेला नाही.

तरीही तो हलका ठेवता येतो. भूतकाळातली सकर्मक वाक्यं मदतीला येतात. "त्यांनी संग्रह तयार केला", "त्यांनी लेख लिहिले" या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. केला, लिहिले ही रूपं संग्रहाची आणि लेखांची आहेत, कर्त्याची नाहीत. साहजिकच वाक्याचा भर माणसावरून कामावर जातो. व्याकरणानेच विनय साधला!

बाकीच्या काही गोष्टी :

पहिल्या वाक्यात पूर्ण नाव, नंतर "त्या/ते, त्यांनी". नाव पुन्हा घ्यायचं असेल तर नुसतं आडनाव तुटक वाटतं. "क. यांनी" असं लिहा. नावाआधी सौ., श्रीमती, कु. काय लावायचं हे आयोजकांच्या पद्धतीवर सोडा आणि मजकुरात नुसतं नाव ठेवा. लग्न झालं की नाही याचा निबंधाशी काय संबंध? डॉ. किंवा प्रा. असेल तर एकदाच, पहिल्या उल्लेखात.

"आमच्या शाळेत", "माझ्या वर्गात" असे प्रथम पुरुषाचे अवशेष हमखास राहून जातात. सबंध मजकुरात मी, माझा, आम्ही, आमचा एवढे चार शब्द शोधा आणि बदला. "आपल्या शाळेत" हेही टाळा. सूत्रसंचालकाने माइकवर वाचलं की "आपली" शाळा म्हणजे कुणाची, असा घोळ होतो.

"गेल्या 9 वर्षांपासून" ऐवजी "2016 पासून" लिहा. स्मरणिका छापायला सहा महिने लागले तरी 2016 बदलत नाही. आणि "जि.प.प्रा.शा." अशी संक्षिप्त रूपं पूर्ण लिहा. पत्रिका फक्त शिक्षण विभागातलेच लोक वाचतात असं नाही.

तयार परिचय

> अ. ब. क. या अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत 2016 पासून पहिली व दुसरीच्या वर्गांना शिकवतात. त्यांच्या वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. गावातील आई-आज्या आणि दोन सहकारी शिक्षक यांच्यासोबत त्यांनी 640 शब्दांचा कोरकू-मराठी शब्दसंग्रह तयार केला. त्याचे संपादन त्यांनी केले. 2021 पासून तालुक्यातील 12 शाळांत तो वापरला जातो. या कामावर त्यांचे दोन लेख 'जीवन शिक्षण' मासिकात प्रसिद्ध झाले आहेत. आदिवासी मुलांच्या भाषाशिक्षणावर त्या 2023 पासून पीएच.डी.साठी संशोधन करत आहेत.

नावाचे तीन शब्द धरून हे 74 शब्द झाले, म्हणजे मर्यादेच्या आत. क्रम बघा : आधी कोण आणि कुठे, मग प्रश्न काय, मग काम, मग कामाचा वापर, मग लेखन, शेवटी चालू संशोधन. एकही विशेषण नाही, एकही दिलगिरी नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, की पहिलीतल्या कोरकू मुलांबद्दल या बाईंचं ऐकलं पाहिजे. पहिल्या मसुद्यातल्या "सर्वदूर ख्याती"ने हे साधलं नसतं.

2010 पासूनची नोकरी इथे वगळली आहे हेही लक्षात घ्या. एकूण सेवा किती झाली यापेक्षा कोरकू मुलांसोबत किती वर्षं गेली, हे या निबंधासाठी महत्त्वाचं आहे.

काही वेळा आयोजक ऐनवेळी "दोनच ओळी द्या" म्हणतात. तेव्हा मोठा परिचय कसाही कापायला देऊ नका, कारण कापणारा पहिलं वाक्य ठेवतो आणि काम उडवतो. आधीच छोटा करून ठेवा :

> अ. ब. क. या अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवतात. कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी तयार केलेल्या 640 शब्दांच्या कोरकू-मराठी शब्दसंग्रहाच्या त्या संपादक आहेत.

हे 25 शब्द. यात सहकाऱ्यांचा उल्लेख बसला नाही, पण "संपादक" हा शब्द प्रामाणिक आहे. संपादक म्हटलं की शब्द इतरांकडून आले हे त्यातच येतं. "निर्मात्या" किंवा "जनक" म्हटलं असतं तर ते चुकलं असतं.

इंग्रजी परिचयही मागितला असेल तर तो वेगळा लिहा आणि शब्द पुन्हा मोजा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतात, "मुलांसाठी" हा एक शब्द होतो. इंग्रजीत त्याचे दोन-तीन शब्द होतात. मराठीतले 74 शब्द तिकडे सहज 80 च्या पुढे जातात.

पाठवण्यापूर्वी

मजकूर एका सहकाऱ्याच्या हाती द्या आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही समोर बसून ऐका. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य लांब आहे किंवा संक्षिप्त रूप राहिलं आहे. जिथे तुमची मान खाली जाईल तिथे विशेषण राहिलं आहे. आणि वाचून झाल्यावर त्याला विचारा, "या बाई कशावर बोलणार आहेत?" त्याने निबंधाचा विषय बरोबर ओळखला तर परिचय जमला.

सरावासाठी

1. खालील वाक्यात कोणता, किती, कधी, कुणासोबत यांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत ते लिहा : "त्यांनी विविध शैक्षणिक साहित्याची निर्मिती केली असून अनेक शाळांना त्याचा लाभ झाला आहे."
2. हे वाक्य तृतीय पुरुषात, कर्मणी प्रयोगात लिहा : "मी आणि माझ्या शाळेतील तीन शिक्षकांनी मिळून गणिताचे 20 खेळ तयार केले."
3. तुमच्या पुढच्या निबंधासाठी परिचयाचा कच्चा मसुदा 120 शब्दांत लिहा. मग नाव झाकून परीक्षा करा आणि 80 शब्दांवर आणा. कोणती वाक्यं गळाली त्यांची वेगळी यादी ठेवा.